पार्श्वगायन: गाणं आधी, चित्रीकरण नंतर

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत राहतो. परवा घरी 'कट्यार काळजात घुसली' हा चित्रपट बघत होतो. खाँसाहेबांचं काम करणारे सचिन पिळगांवकर यात स्वतः गात नाहीत, हे माझ्या बारा वर्षांच्या मुलीला कळलं, तेव्हा तिने विचारलं, "गाण्यावरच्या सिनेमात स्वतःच्या आवाजात न गाणारा माणूस का घेतला?" मला धड उत्तर देता आलं नाही. हे सगळं प्रत्यक्षात करतात कसं आणि नट स्वतःच का गात नाहीत, हे कुणी या कामातला माणूस सांगेल का?

उत्तर:

मी सव्वीस वर्षं ध्वनिमुद्रणाच्या कामात आहे. त्यातली सुरुवातीची नऊ-दहा वर्षं मराठी चित्रपटांच्या सेटवर प्लेबॅक लावायला होतो. म्हणजे नट ज्या गाण्यावर ओठ हलवतो ते गाणं हवं तिथून, हव्या त्या क्षणी स्पीकरवर वाजवणारा माणूस. त्यामुळे मी जे सांगतोय ते त्या स्पीकरशेजारून पाहिलेलं आहे.

आधी एक गाठ सोडवू. 'प्लेबॅक' म्हणजे दुसऱ्याने गायचं, असा समज पक्का झालाय. मूळ अर्थ इतकाच की गाणं आधी मुद्रित करायचं आणि चित्रीकरणाच्या वेळी ते परत वाजवायचं. तुम्ही पाहिलात त्याच चित्रपटात पंडित भानुशंकर शास्त्रींची भूमिका शंकर महादेवन यांनी केली आहे आणि पंडितजींची गाणीही त्यांचीच आहेत. तरी कॅमेऱ्यासमोर ते स्वतःच्याच आधी मुद्रित झालेल्या आवाजावर ओठ हलवत होते. खाँसाहेबांना राहुल देशपांडे यांचा आवाज आहे, सुबोध भावे यांच्या सदाशिवला महेश काळे यांचा. एका चित्रपटात तीन गायक नायक, आणि तिघांचंही तंत्र एकच. म्हणून प्रश्न दोन आहेत. गाणं चित्रीकरणापासून वेगळं का काढलं? आणि एकदा वेगळं काढल्यावर ते कुणी गायचं? पहिल्याचं उत्तर यंत्रांनी आणि कात्रीने ठरवलं, दुसऱ्याचं माणसांनी.

सुरुवातीला असं वेगळं काढणं नव्हतंच. १९३१चा 'आलम आरा' असो की पुढच्याच वर्षी प्रभातने केलेला 'अयोध्येचा राजा', नट कॅमेऱ्यासमोर गायचे आणि वादक चौकटीच्या बाहेर, झाडामागे किंवा पडद्यामागे लपून वाजवायचे. 'आलम आरा'च्या स्टुडिओजवळून रेल्वे जायची, म्हणून बरंचसं काम रात्री करावं लागलं. 'अयोध्येचा राजा'मध्ये दुर्गा खोटे आणि गोविंदराव टेंबे स्वतःच गायले. आपल्याकडे संगीत नाटकाची परंपरा असल्याने गाणारा नट मिळणं तेव्हा अवघड नव्हतं. अडचण वेगळी होती. मायक्रोफोन एक, तो चौकटीत दिसू द्यायचा नाही, आणि नट त्याच्यापासून दोन हात जरी सरकला तरी आवाज पडतो. त्यामुळे गाणं सुरू झालं की नट खुंटीला बांधल्यासारखा उभा. कॅमेरा हलवायचा तर त्याची खडखड आवाजात उतरायची. १९३५ साली कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने नितीन बोस यांच्या 'धूप छाँव'मध्ये गाणं आधी मुद्रित करून मग चित्रित केलं. संगीत रायचंद बोराल यांचं होतं. तिथून नटाचे पाय मोकळे झाले.

आता मुख्य कारण, जे सेटवर उभं राहिल्याशिवाय लक्षात येत नाही. चार मिनिटांचं गाणं सलग चित्रित होत नाही. मी काम केलेलं एक उदाहरण घेतो. वाईजवळ नदीच्या घाटावर एक भक्तिगीत चित्रित करायचं होतं. ताल केरवा, मिनिटाला ९६ मात्रा. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी, म्हणजे २४ स्थिर चित्रांनी चालतो, त्यामुळे एका मात्रेला बरोबर १५ चौकटी आल्या आणि आठ मात्रांचं एक आवर्तन पाच सेकंदांचं झालं. अशी सोयीची लय निघाली की नृत्यदिग्दर्शक आणि संकलक दोघंही खूश असतात. गाणं चार मिनिटांचं, म्हणजे ४८ आवर्तनं. ते दोन दिवसांत चाळीसेक शॉटमध्ये तोडून घेतलं. पहिल्या दिवशी सकाळचं ऊन आहे म्हणून दुसऱ्या अंतऱ्यातले लांबचे शॉट आधी झाले. मुखड्याचे जवळचे शॉट दुसऱ्या दिवशी दुपारी, आणि शेवटची ओळ पहिल्या दिवशी संध्याकाळी दिवे लावून.

विचार करा, इथे नट प्रत्यक्ष गात असता तर? सकाळी त्याचा आवाज जड, संध्याकाळी घसा बसलेला. मागे तानपुरा नाही, तबला नाही. एका शॉटमध्ये लय ९५, दुसऱ्यात ९८. पट्टी प्रत्येक वेळी केसभर इकडे-तिकडे. घाटावर वारा, धुणं, लांबून जाणारी एसटी. असे चाळीस तुकडे एकापुढे एक लावले तर गाणं उभंच राहणार नाही. आवाजाचा एकच अखंड दोरा हवा आणि चित्रांचे मणी त्यात ओवायला हवेत. म्हणून स्वतः उत्तम गाणारा नट असला, तरी तोही आधी स्टुडिओत गातो आणि मग सेटवर स्वतःच्या आवाजावर ओठ हलवतो.

स्टुडिओत काय होतं ते थोडक्यात सांगतो. संगीतकार चाल बांधतो आणि कुणातरी होतकरू गायकाकडून कच्चं गाणं गाऊन घेतो. आम्ही त्याला डमी किंवा स्क्रॅच म्हणतो. त्यावर वाद्यमेळ रचला जातो. मग मूळ गायक येतो. तो शब्द स्वतःच्या हाताने वहीत उतरवून घेतो आणि श्वास कुठे घ्यायचा, मींड कुठे, शब्द कुठे तोडायचा याच्या खुणा करतो. हे काम मी अनेकदा काचेपलीकडून पाहिलं आहे. अनुभवी गायकाच्या वहीत शब्दांपेक्षा खुणा जास्त असतात. मग एक-दीड तासात मुखडा, अंतरे, काही ओळी पुन्हा, आणि काम संपतं. पूर्वी हे इतकं निवांत नव्हतं. पन्नास-साठच्या दशकात गायक आणि सगळा वाद्यवृंद एकाच वेळी, एकाच दमात मुद्रित व्हायचा. शेवटच्या ओळीत एका व्हायोलिनवाल्याची चूक झाली तर सगळं पहिल्यापासून. त्या वाद्यवृंदांमागे गोव्याच्या लोकांचं मोठं काम आहे. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे गोवेकर संयोजक चालीवरून एकेका वाद्याचं स्वरलेखन करून द्यायचे, म्हणून साठ-सत्तर वादक एका वेळी वाजवू शकायचे.

पट्टी ठरते ती गायकाच्या गळ्यावरून. पेटीच्या पट्ट्यांत सांगायचं तर पुरुषाला काळी एक किंवा पांढरी दोन सोयीची, तर बाईला काळी चार, काळी पाच. द्वंद्वगीतात दोघांमध्ये ओढाताण होते आणि कुणातरी एकाला आपल्या सोयीबाहेर गावं लागतं. हे मुद्दाम सांगतोय, कारण नटाच्या गळ्याचा प्रश्न इथेच येतो. चित्रपटगीताची चाल मंद्र पंचमापासून तार मध्यमापर्यंत सहज जाते, म्हणजे जवळजवळ दोन सप्तकं. न शिकलेल्या माणसाचा सुरात राहणारा पल्ला जेमतेम एका सप्तकाचा असतो. नटाला गायला लावायचं तर चालच छोटी करावी लागते. १९९८च्या 'गुलाम'मध्ये आमिर खान 'आती क्या खंडाला' स्वतः गायला. ते गाणं ऐका, बोलल्यासारखं आहे, सूर थोड्याच घरांत फिरतात. नट गातात ती बहुतेक गाणी याच जातीची असतात.

यावर आज लोक म्हणतात, संगणकावर सूर दुरुस्त करता येतो की. येतो, मी रोज करतो. खाली लागलेला स्वर वर ओढता येतो, उशिरा आलेला शब्द जागेवर सरकवता येतो. पण सूर जागेवर आणला म्हणून गळा तयार होत नाही. मींडेत एका स्वरातून दुसऱ्यात जाताना आवाजाचं वजन जसं बदलतं, तानेतला प्रत्येक दाणा जसा सुटा पडतो, श्वास संपत आला तरी शेवटचं अक्षर जसं टिकतं, ते मुळात गायलंच गेलं नसेल तर दुरुस्त करायला हातात काहीच नसतं. फार ओढलं तर आवाजाला पत्र्यासारखी छटा येते. ती तुम्हीही ओळखाल, विशेषतः लांब आकारात.

पुन्हा घाटावर येऊ. सहायक दिग्दर्शक सांगतो, "दुसरा अंतरा, तिसरी ओळ." मी त्या ओळीच्या आधीपासून, किमान एक आवर्तन मागून गाणं सोडतो. नटाला लय अंगात भिनवायला ते पाच सेकंद लागतात. नृत्यदिग्दर्शक मोठ्याने मोजतो, "पाच, सहा, सात, आठ," आणि ओळ सुरू होते. कॅमेऱ्याला मिळणारा क्लॅप आणि माझ्या यंत्रावरचा टाइमकोड, म्हणजे वेळेचे धावते आकडे, यांची गाठ घातलेली असते. पुढे संकलक त्या खुणेवरून चित्र आणि स्टुडिओतलं मूळ गाणं जुळवतो. सेटवर स्पीकरवरून वाजलेला आवाज अंतिम चित्रपटात वापरला जात नाही. तो जुळवणीपुरता.

बिघाड इथे होतात. एकदा रशेस, म्हणजे चित्रित झालेले कच्चे तुकडे पाहताना लांबच्या शॉटमध्ये नट सतत किंचित मागे वाटत होता. दिग्दर्शक नटावर चिडले. चूक माझी होती. स्पीकर कॅमेऱ्याजवळ होता आणि नट तीस मीटरवर, पाण्याच्या कडेला. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे चौदा मीटरला एक चौकट. तीस मीटरवर नटाला गाणं दोन चौकटी उशिरा ऐकू येत होतं आणि तो बिचारा ऐकू येईल तसं अचूक गात होता. संकलकाने सगळा शॉट दोन चौकटी पुढे घेतला आणि ओठ जुळले. त्यानंतर लांबच्या शॉटला मी नटाजवळ, दगडामागे छोटा स्पीकर लपवायला लागलो.

दुसऱ्या एका चित्रपटात दोष वेगळा होता. ओळीच्या सुरुवातीला ओठ बरोबर जुळायचे आणि मग चित्र हळूहळू मागे पडायचं. दहा सेकंदांत दहा चौकटींचा फरक. तपासलं तर एका भाड्याच्या कॅमेऱ्यावर २४ऐवजी २५ चौकटींची गती लावलेली होती आणि संकलन २४वर चाललं होतं. या दोन प्रसंगांवरून एक साधी परीक्षा शिकलो. फरक सुरुवातीपासून शेवटपर्यंत तेवढाच राहत असेल तर अंतराचा किंवा क्लॅपचा दोष, सरकवलं की झालं. फरक वाढत जात असेल तर गतीचा दोष, आणि तो सरकवून सुटत नाही, शॉटची गतीच बदलावी लागते.

स्लो मोशनमध्ये नायिका मंद चालतेय आणि ओठ मात्र गाण्याबरोबर हलतायत, हे कसं होतं असं मुलगी विचारेल. कॅमेरा ४८ चौकटींनी चालवतात आणि मी गाणं दुप्पट वेगाने लावतो. नायिका दुप्पट वेगात ओठ हलवते. पडद्यावर ते २४ने दाखवलं की चाल निम्म्यावर येते, ओठ गाण्यावर बसतात. टेपच्या काळात वेग वाढवला की सूरही चढायचा. दुप्पट वेगाला सगळं गाणं तार सप्तकात जायचं आणि दीडपट वेगाला षड्जाचा थेट पंचम व्हायचा. अशा चिरक्या आवाजावर चेहऱ्यावर विरहाचा भाव ठेवायचा, हे मी पाहिलेल्या अभिनयातल्या सर्वांत अवघड गोष्टींपैकी एक आहे.

तर तुमच्या मुलीच्या प्रश्नाचा गाभा. न गाणारा माणूस का घेतला? कारण कॅमेऱ्यासमोर खाँसाहेब व्हायला लागणारं कसब आणि मायक्रोफोनसमोर खाँसाहेब व्हायला लागणारं कसब ही दोन आयुष्यांची मेहनत आहे. सचिन पिळगांवकर स्वतः गातात, पण खाँसाहेबांची गायकी म्हणजे घराणेदार शास्त्रीय गायकाचा पन्नास वर्षांचा रियाज. १९६७ साली हे नाटक रंगभूमीवर आलं तेव्हा खाँसाहेब वसंतराव देशपांडे होते. नाटकात दुसरा इलाजच नव्हता. प्रेक्षक पंधरा फुटांवर बसलेला, गाणाराच नट हवा. असा माणूस एका पिढीत एखादाच भेटतो. चित्रपटात मात्र चेहरा पडदाभर मोठा होतो. खाँसाहेबांचा मत्सर, हार न सोसणं, डोळ्यांतला अहंकार हे सगळं अगदी जवळून दिसतं. गाणं वेगळं काढता येत असल्याने दिग्दर्शकाला दोन्ही गोष्टी पूर्ण ताकदीच्या मिळाल्या, आणि गळा वसंतरावांच्या नातवाचा मिळाला.

आवाज आणि चेहरा जुळला की ती जोडी लोकांच्या मनात पक्की होते. आपल्याकडे दादा कोंडके यांचा गाण्यातला आवाज म्हणजे महेंद्र कपूर, हे इतकं घट्ट झालं की दोघांना वेगळं ऐकणं अवघड. मोहम्मद रफी जॉनी वॉकरसाठी गाताना आवाजाला त्याच्यासारखी मिश्कील वळणं द्यायचे, नायकासाठी गाताना ती काढून ठेवायचे. गायक नटाचं बोलणं ऐकून गातो, हेही या कामाचं अंग आहे. आणि उलट टोकाचं उदाहरण १९५८चं. 'रागिनी' चित्रपटात किशोरकुमार नायक होते, तरी ओ. पी. नय्यर यांनी एक शास्त्रीय ढंगाचं गाणं त्यांच्यासाठी रफींकडून गाऊन घेतलं. स्वतः एवढा मोठा गायक पडद्यावर असताना दुसऱ्याचा गळा वापरला, कारण त्या चालीला तो गळा हवा होता.

वेळापत्रकाचं कारणही खरं आहे. गाणी चित्रीकरणाआधी तयार लागतात, कधी नायक ठरायच्याही आधी. गायक दुपारी येऊन दीड तासात मोकळा होतो. नटाकडून तेच काम करून घ्यायचं तर आठवड्यांची तयारी लागते आणि तेवढ्या तारखा कुणाकडे नसतात.

यात प्रेक्षकांची फसवणूक आहे का, असं तिने विचारलं तर सांगा की एके काळी ही शंका रास्त होती. १९४९च्या 'महल'मधलं 'आयेगा आनेवाला' रेकॉर्डवर आलं तेव्हा गायिकेच्या जागी 'कामिनी' हे नाव छापलं होतं. कामिनी हे मधुबालाच्या भूमिकेचं नाव. हा आवाज कुणाचा, अशी विचारणा श्रोते रेडिओकडे करू लागले आणि लता मंगेशकर हे नाव जाहीर झालं. फिल्मफेअर पुरस्कारांत गायकांसाठी वेगळा विभाग १९५९मध्ये आला, तोही लताबाईंनी आग्रह धरल्यावर. आता श्रेयनामावलीत पार्श्वगायकाचं नाव असतं, आणि तुम्ही पाहिलेल्या चित्रपटातल्या 'अरुणी किरणी'साठी महेश काळे यांना राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. ज्याचं गाणं त्याचं नाव, हे व्हायला वीस-पंचवीस वर्षं लागली.

पुढच्या वेळी चित्रपट लावाल तेव्हा मुलीला आवाज बंद करून एखादं गाणं बघायला सांगा. प, फ, ब, भ, म ही अक्षरं ओठ मिटल्याशिवाय येत नाहीत. संकलक याच अक्षरांवर जुळवणी तपासतो, 'मन' शब्दाच्या 'म'ला ओठ मिटलेली चौकट शोधतो. ओठ ठीक जुळले की मग नजर गळ्यावर न्यायची. नट नुसते ओठ हलवत असेल तर गळा स्वस्थ राहतो, लांब तानेला शिरा उठत नाहीत आणि तान सुरू होण्याआधी छाती भरत नाही. म्हणून मी सेटवर प्रत्येक नटाला एकच विनंती करायचो, की स्पीकर मोठा लावतो, तुमचं बेसूर कुणाला ऐकू येणार नाही, पण खरंच मोठ्याने गा. जे गायचे त्यांच्या गळ्यात ते दिसायचं. खाँसाहेबांचे जवळचे शॉट आवाज बंद करून बघा, मानेच्या शिरांकडे आणि तानेआधीच्या श्वासाकडे लक्ष ठेवून.